निवृत्तीची पुंजी : एकच गंगाजळी की तीन कप्पे?

निवृत्तीच्या आसपास भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि आजवरची बचत मिळून जी रक्कम हाती येते, ती पुढील पंचवीस-तीस वर्षे कशी वापरायची, यासाठी आपल्याकडे साधारणपणे दोन पद्धती सुचवल्या जातात. पहिलीत सगळा पैसा एकच गंगाजळी मानला जातो. समभाग आणि स्थिर उत्पन्न यांचे प्रमाण ठरवायचे, दरमहा त्यातूनच खर्च काढायचा आणि वर्षातून एकदा ते प्रमाण पूर्ववत करायचे. दुसरीत पैसा केव्हा लागणार यावरून त्याचे नजीकचा, मधला आणि दूरचा असे तीन कप्पे केले जातात. मी आधी पहिल्या पद्धतीने चाललो आणि आता दुसरीवर स्थिरावलो आहे. त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. मात्र पहिल्या पद्धतीची खरी ताकद कोठे आहे तेही सांगेन, कारण काही जणांसाठी तीच योग्य ठरेल.

या दोहोंखेरीज आपल्या घरांत सर्वाधिक रूढ असलेली तिसरी वाट आहे : मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर जगायचे. तिच्याबद्दल एवढेच म्हणेन की पहिली काही वर्षे ती फार सुखाची वाटते. परंतु महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि व्याज तेवढेच राहते. महागाईभत्त्यासह पेन्शन असलेल्यांना ती चालू शकते. पेन्शन नसलेल्या जोडप्यासाठी मी ती विचारात घेतलेली नाही.

तुलना आकड्यांवर व्हावी म्हणून एक उदाहरण घेऊ. साठीचे एक जोडपे आहे, पेन्शन नाही, राहते घर स्वतःचे आहे, हाती १ कोटी २० लाख रुपये आहेत आणि महिन्याला ५०,००० रुपये, म्हणजे वर्षाला सहा लाख लागतात. स्थिर उत्पन्नाच्या साधनांवरील व्याज आणि महागाई जवळपास एकमेकांना खाऊन टाकतात असे धरले, तर दोन वर्षांच्या खर्चासाठी १२ लाखांचा पहिला कप्पा, त्यापुढील पाच वर्षांसाठी ३० लाखांचा दुसरा आणि उरलेल्या ७८ लाखांचा तिसरा कप्पा होतो. तिसरा कप्पा समभागांच्या म्युच्युअल फंडांत आहे असे समजू. हेच जोडपे एका गंगाजळीच्या पद्धतीने गेले असते, तर ३५ टक्के स्थिर उत्पन्न आणि ६५ टक्के समभाग असे प्रमाण ठरवून त्यांनी ४२ आणि ७८ लाख असेच वाटप केले असते. म्हणजे पहिल्या दिवशी दोन्ही पद्धतींत एका रुपयाचाही फरक नसतो. कप्प्यांवर टीका करणारे म्हणतात की हा निव्वळ मनाचा हिशेब आहे, आणि पहिल्या दिवसापुरते ते बरोबर आहेत. फरक पडतो तो पुढे, खर्चाचा पैसा कशातून काढायचा आणि वर्षाअखेर काय विकून काय घ्यायचे या नियमांत.

तो फरक नेमका किती, हे वाईट वर्षात दिसते. समजा, पहिल्याच वर्षी समभाग ४० टक्क्यांनी पडले. ७८ लाखांचे ४६.८ लाख राहिले. वर्षाचा सहा लाखांचा खर्च स्थिर भागातून झाला, म्हणून तेथे ३६ लाख उरले (व्याज सोयीसाठी बाजूला ठेवले आहे). एका गंगाजळीचा नियम सांगतो की एकूण ८२.८ लाखांचे ६५ टक्के पुन्हा समभागांत हवेत. त्यासाठी सुमारे सात लाख रुपये ठेवींतून काढून पडलेल्या बाजारात घालावे लागतील. तीन कप्प्यांचा नियम सांगतो की काहीही करू नका. पुढे बाजार मूळ पातळीवर परतला, तर त्या सात लाखांवर गंगाजळीवाल्यांना साडेचार लाखांहून थोडा अधिक जादा लाभ होतो. हा आकडा लहान नाही आणि तीन कप्प्यांच्या बाजूने बोलणारे सहसा तो सांगत नाहीत. त्याची किंमत अशी की त्या क्षणी गंगाजळीवाल्यांकडे स्थिर भागात २९ लाख, म्हणजे पाच वर्षांहूनही कमी खर्चाची तजवीज उरते, तर कप्पेवाल्यांकडे पूर्ण सहा वर्षांची. बाजार लवकर सावरला तर पहिली पद्धत जिंकते; रेंगाळला तर दुसरी.

गणित एवढे समसमान असताना माझा कौल दुसरीकडे का झुकला, याचे कारण बाजार नाही. ते कारण म्हणजे मुदत ठेवी मोडण्याची कटकट. ऐकायला ते क्षुल्लक वाटेल, पण मला त्यातूनच पहिल्या पद्धतीतील मूळ अडचण दिसली.

एका गंगाजळीच्या पद्धतीत कोणत्याही रुपयावर तारीख लिहिलेली नसते. त्यामुळे स्थिर भागातील पैसा ठेवताना मनुष्य स्वाभाविकपणे एकच गोष्ट पाहतो : सर्वाधिक दर कोणत्या मुदतीला आहे. आमच्याही ठेवी अशाच, त्या त्या वेळी चांगला दर देणाऱ्या मुदतींच्या होत्या. खर्च मात्र आपल्या वेळेनुसार येत होते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग पावसाळ्यापूर्वी करावे लागले, पत्नीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला झाली, आणि दर वेळी नेमकी जवळची ठेव मुदत संपायला बराच अवधी असलेली निघाली. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास बँक करारातील दर देत नाही. पैसा प्रत्यक्षात जितका काळ राहिला त्या काळासाठी लागू असलेला दर धरते आणि त्यातूनही बहुधा अर्धा ते एक टक्का दंड वजा करते. पाच वर्षांची ठेव सात टक्क्यांनी ठेवली, ती सव्वा वर्षाने मोडली आणि त्या मुदतीचा दर साडेसहा असला, तर हाती साडेपाच टक्क्यांच्या हिशेबाने व्याज येते. जास्त दराच्या मोहाने जे मिळवायचे होते, तेच असे निघून जाते.

पैशापेक्षाही मला त्रास झाला तो प्रक्रियेचा. पती-पत्नींच्या नावे ‘दोघांपैकी एक किंवा हयात असलेला’ अशी ठेव असली, की मुदत संपल्यावर कोणाही एकाच्या सहीने पैसे मिळतात. मुदतीपूर्वी मात्र दोघांच्या सह्या लागतात. एक जण परगावी मुलाकडे असेल तर काम अडते. याहून गंभीर बाब अशी की दोघांपैकी एकाचे निधन झाल्यास, ठेव ठेवताना तसे संयुक्त संमतिपत्र दिलेले नसेल, तर हयात व्यक्तीला ठेव मुदतीपूर्वी मोडण्यासाठी मृताच्या वारसांची संमती आणावी लागू शकते. संमतिपत्राचा तो रकाना बहुतेक अर्जांत असतो आणि बहुतेक वेळा रिकामा राहतो. आपल्या ठेवींच्या बाबतीत तो भरला आहे का, हे पद्धत कोणतीही निवडली तरी शाखेत जाऊन एकदा पाहून घ्यावे.

या अनुभवातून मला जे जाणवले ते असे की प्रमाण पूर्ववत करण्याचा नियम ज्या तज्ज्ञांनी मांडला, त्यांनी स्थिर भाग केव्हाही विकता येणाऱ्या रोखे फंडांत आहे असे गृहीत धरले आहे. आपल्याकडील निवृत्त माणसाचा स्थिर भाग बहुतांशी तसा नसतो. तो ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असतो, टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत असतो, बँकेच्या ठेवींत असतो. ज्येष्ठ नागरिक योजनेतून अंशतः पैसे काढता येत नाहीत, खातेच बंद करावे लागते. पहिल्या वर्षात बंद केल्यास दिलेले व्याज परत घेतले जाते, दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कपात होते. वरच्या उदाहरणातील सात लाख रुपये पडत्या बाजाराच्या आठवड्यात उभे करायचे म्हणजे यांपैकी काहीतरी मोडणे आले. रोखे फंड हा पर्याय आहेच, पण १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा फंडांचा नफा कितीही काळ ठेवला तरी उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र झाल्याने, करबचतीसाठी ठेवींहून ते निवडण्याचे पूर्वीचे मोठे कारण उरलेले नाही. आपली साधने मुळातच तारीख घेऊन येतात. तेव्हा गरजेची तारीख आणि साधनाची तारीख जुळवून टाकणे, म्हणजेच कप्पे करणे, हे मला त्यांच्या स्वभावाशी अधिक सुसंगत वाटते.

अर्थात कप्पे केले म्हणून तारखा आपोआप जुळत नाहीत, आणि येथे फार सावध राहावे लागते. उदाहरणातील मधल्या कप्प्याचे सर्व ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवण्याचा मोह होणे साहजिक आहे, कारण तेथे कमाल मर्यादा तेवढीच आहे, एप्रिल २०२३ पासूनच्या तिमाहींत दर ८.२ टक्के राहिला आहे आणि खाते उघडताना असलेला दर पाचही वर्षे टिकतो. त्या दराने तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे वर्षाला दोन लाख ४६ हजार व्याज पहिल्या कप्प्यात येईल. परंतु वर्षाचा खर्च सहा लाखांपासून सुरू होऊन महागाईने वाढत जातो. उरलेली तूट पहिला कप्पा तीन वर्षे आणि वर काही महिने भरून काढेल आणि चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच रिकामा होईल, तर ३० लाख सुटतील पाचव्या वर्षाच्या अखेरीस. मध्ये दीड वर्षाहून मोठी पोकळी पडते. कागदावर ‘तीन ते सात वर्षे’ असे नाव दिलेल्या कप्प्यात चौथ्या वर्षी हाती लागेल असा मुद्दलाचा एकही रुपया नसतो.

याच कारणाने मी मधला कप्पा एका साधनाने भरू नये असे सुचवेन. वरील उदाहरणात २० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत आणि पाच-पाच लाखांच्या दोन मुदत ठेवी, एक पावणेतीन वर्षांनी आणि दुसरी साधारण पावणेचार वर्षांनी सुटणारी, अशी मांडणी करून पाहा. तिमाही व्याज कमी होऊन ४१,००० रुपयांवर येते, त्यामुळे पहिला कप्पा तिसऱ्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहीच्या आसपास संपतो. तेव्हा पहिली ठेव सुटते, तिच्यावर वर्षाहून थोडे अधिक निघते, मग दुसरी सुटते आणि पाचवे वर्ष जेमतेम पार पडते. तेवढ्यात २० लाख मोकळे होतात आणि सहावे-सातवे वर्ष त्यांवर निभावते. ठेवींवर सात टक्के, पहिल्या कप्प्यावर सुमारे सहा टक्के आणि महागाई सहा टक्के धरून हा हिशेब आहे; प्रत्यक्षात एखाद-दोन महिने इकडेतिकडे होतील. ज्येष्ठ नागरिक योजनेतही एकच मोठे खाते न उघडता दोन-तीन खाती केली, तर अडचणीत एकच बंद करून भागते.

पहिल्या कप्प्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बचत खाते, त्याला जोडलेली स्वयंचलित ठेव आणि थोडा लिक्विड फंड एवढे पुरते. तेथे दराचा विचार करण्यात वेळ घालवू नये. मधल्या कप्प्यात मात्र एक टक्का जास्त व्याजासाठी सुरक्षितता सोडू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा रोखे योजना एकाएकी बंद केल्या. त्यांतील पैसा पुढे परत मिळत गेला, परंतु त्याचे वेळापत्रक गुंतवणूकदाराच्या हाती नव्हते. ज्याला तारखेला पैसा हवा आहे त्याच्यासाठी उशिरा मिळालेला पैसाही तितकाच अडचणीचा असतो. ठेवविमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत आहे आणि त्यात व्याजही धरले जाते; म्हणून वरच्या दोन ठेवी वेगवेगळ्या बँकांत आणि पाच लाखांऐवजी पावणेचार लाखांच्या आसपास ठेवून उरलेले तिसऱ्या बँकेत ठेवणे अधिक बरे.

आता तीन कप्प्यांचा खरा दोष. तो पुनर्भरणात आहे. पहिले दोन कप्पे सात वर्षे पुरतात हे ठीक, पण तिसऱ्यातून पैसा खाली केव्हा आणायचा, हे ही पद्धत स्वतःहून सांगत नाही. बाजार चढत असतो तेव्हा ‘अजून थोडे वाढू दे’ असे वाटते, पडतो तेव्हा ‘आता नको’ असे वाटते, आणि असे करता करता सातचे चार, चारचे दोन वर्षे होतात. एका गंगाजळीत हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे वर्षाची तारीख आली की नियमच विक्री करायला लावतो. माझ्या ओळखीत ज्यांची तीन कप्प्यांची व्यवस्था बिघडली, त्यांची बहुतेक याच ठिकाणी बिघडली आहे, आणि ती बिघडत असल्याची खूण सोपी आहे : तिसरा कप्पा एकूण पुंजीच्या ठरवलेल्या वाट्याहून बराच मोठा दिसू लागतो आणि घरातील सर्वांना त्याचे कौतुक वाटत असते.

त्यावर मी पाळतो तो नियम असा. वर्षातील एका ठरलेल्या महिन्यात तिसरा कप्पा पाहायचा. गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा तो वर असेल, तर एका वर्षाचा खर्च विकून मधल्या कप्प्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे सर्वांत लांबच्या तारखेच्या ठेवीत घालायचा. खाली असेल तर हात लावायचा नाही. परंतु पहिल्या दोन कप्प्यांत मिळून तीन वर्षांहून कमी खर्च उरला असेल, तर बाजार कसाही असो, निदान अर्ध्या वर्षाचा खर्च खाली आणायचा. दरवर्षी थोडे विकण्याचा एक लाभ कराच्या बाजूनेही आहे. समभाग फंडांच्या वर्षभराहून जुन्या गुंतवणुकीवरील सव्वा लाखापर्यंतचा वार्षिक नफा करमुक्त असतो आणि त्याहून अधिक नफ्याला साडेबारा टक्के दर लागतो. पाच वर्षांचा खर्च एकदम विकला तर ही सवलत पाचऐवजी एकदाच वापरली जाते.

सात वर्षांची तरतूद जास्त नाही का, असा प्रश्न रास्त आहे. २०२० पाहिले तर ती अवाच्या सवा वाटते : जानेवारीत ४२,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्या खाली बंद झाला आणि नोव्हेंबरपर्यंत पूर्ववत झाला. २००८ पाहिले तर चित्र वेगळे आहे. त्या जानेवारीत सेन्सेक्स २१,००० वर पोहोचला होता, मार्च २००९ मध्ये तो ८,००० च्या आसपास होता, २०१० च्या अखेरीस जुन्या पातळीला स्पर्श करून पुन्हा खाली आला आणि ती पातळी कायमची मागे टाकायला २०१४ चा मार्च उजाडला. म्हणजे सहा वर्षांहून थोडे अधिक. ज्यांनी २००८ च्या सुरुवातीला निवृत्त होऊन तीन वर्षांचीच तजवीज केली असती, त्यांना मधल्या काळात तोट्यात विकावे लागले असते. म्हणून पाच वर्षांहून कमी मी सुचवणार नाही, आणि ज्यांची पुंजी खर्चाच्या मानाने कमी आहे त्यांना सात वर्षे परवडत नसतील तर प्रश्न कप्प्यांचा नसून खर्चाचा आहे, हेही मान्य करावे लागेल.

एक गंगाजळी मी कोणाला सुचवेन? ज्यांचा स्थिर भाग प्रामुख्याने म्युच्युअल फंडांत किंवा भविष्य निर्वाह निधीसारख्या बऱ्यापैकी मोकळ्या साधनांत आहे, ज्यांनी मार्च २०२० मध्ये ठरल्याप्रमाणे खरेदी प्रत्यक्ष केली होती, आणि ज्यांच्या घरात पैशाचा निर्णय एकच माणूस घेतो व दुसऱ्याला तो समजावून सांगण्याची वेळ येत नाही, अशांना. पंधरा वर्षे पूर्ण झालेले आणि नवीन भरणा न करता पुढे चालू ठेवलेले सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते असेल, तर त्यातून वर्षाला एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. असे मोठे खाते असलेल्यांची वार्षिक फेरजुळणी ठेवी न मोडताही होऊ शकते. आमच्याकडे तसे नव्हते. शिवाय पत्नीला हिशेब दाखवताना ‘३५ : ६५’ या आकड्यापेक्षा ‘ही ठेव पुढच्या मार्चच्या खर्चाची’ हे वाक्य अधिक उपयोगी पडते असे मला आढळले. तारखेप्रमाणे लावलेली ठेवींची ती यादी आता ती स्वतःच सांभाळते आणि कोणती पावती केव्हा वटवायची हे मला विचारत नाही.